सामू मोजण्याचा पेन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

घरगुती लिंबू सरबताचा अर्क आणि व्हिनेगरमधील मिरच्या विकण्याचा माझा छोटा उद्योग आहे. त्यासाठी साडेसहाशे रुपयांचा पेनसारखा पीएच मीटर घेतला. शेतीतील मंडळी ज्याला जमिनीचा सामू म्हणतात, तोच हा पीएच. पेनची वैशिष्ट्ये खोक्यावर छापलेली असतात, म्हणून ती येथे देत नाही.

पहिल्याच महिन्यात मी या पेनला एक तारा देऊन कडक शब्दांत तक्रार लिहिली होती, आणि ती आता मागे घेत आहे. झाले असे, की ४ टक्के अॅसिटिक आम्ल असलेल्या व्हिनेगरमध्ये पेनाने २.५ दाखवले. लिंबाच्या रसात २.३ आले. मग एक भाग व्हिनेगरमध्ये नऊ भाग ऊर्ध्वपातित पाणी घातले. शाळेत शिकल्याप्रमाणे पीएचची एक पायरी म्हणजे दहापट फरक, त्यामुळे आकडा ३.५ यायला हवा, असे मी धरून चालले होते. पेनाने ३.० दाखवले. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "ताई, पेन ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवा, आपोआप सुधारेल." हा सल्ला किती महाग पडला, ते पुढे येईलच.

चूक पेनाची नव्हती, माझ्या समजुतीची होती. पीएच द्रावणात त्या क्षणी मोकळे असलेले हायड्रोजन आयन मोजतो, एकूण आम्ल नव्हे. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी हे माप मांडले, तेव्हा त्यांनी अवाढव्य शून्यांच्या जागी घातांक वापरला: पीएच २ म्हणजे लिटरमध्ये ०.०१ मोल, पीएच ३ म्हणजे ०.००१ मोल. शुद्ध पाणी २५ अंशांना ७ वर असते. त्याच्या वर आम्लारी, खाली आम्ल. मात्र अॅसिटिक आम्ल दुर्बल आहे. माझ्या व्हिनेगरमध्ये साधारण दोनशे रेणूंमागे एकच रेणू आपला हायड्रोजन आयन सोडून बसलेला असतो, बाकीचे तो सांभाळून असतात. पाणी घातले की या सांभाळलेल्यांपैकी काही रेणू नव्याने सोडू लागतात, आणि म्हणून दहापट पातळ करूनही आकडा एकाऐवजी अर्धाच चढतो. माझे ३.० बरोबर होते.

खाण्याच्या सोड्याने हे आणखी स्पष्ट दिसते. शंभर मिलीलिटर व्हिनेगरमधील आम्ल उदासीन करायला मला सुमारे साडेपाच ग्रॅम सोडा लागला. त्याच २.५ पीएचचे अतिशय पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल असते, तर ग्रॅमचा चाळिसावा भागही पुरला असता.

आणि आंबटपणाचे गुपितही न सुटलेल्या आयनांच्या याच साठ्यात आहे. जिभेवरील आंबटाच्या पेशींच्या बाह्य आवरणात हायड्रोजन आयनांना आत घेणारी प्रथिनवाहिनी असते. ओटॉप-१ नावाची ही वाहिनी २०१८ साली ओळखली गेली आणि पुढच्याच वर्षी उंदरांवरील प्रयोगांनी तिचे आंबट चवीशी असलेले नाते दाखवले. पण अॅसिटिक आम्लाचा अखंड रेणू पेशीचे आवरण ओलांडून थेट आत जातो आणि तेथे आयन सोडतो. शिवाय लाळेतील बायकार्बोनेट मोकळे आयन उदासीन करत राहते, तेव्हा साठ्यातील रेणू नवे आयन पुरवतात. त्यामुळे त्याच पीएचला व्हिनेगर हायड्रोक्लोरिक आम्लापेक्षा जास्त आंबट लागते. लिंबाच्या रसातील सायट्रिक आम्लही असेच साठा बाळगून असते. सरबतात साखर घातल्यावर माझ्या पेनाचा आकडा हलला नाही, फक्त जीभ फसली.

आता पेनाच्या टोपणाकडे वळते, कारण माझा खरा राग त्यावर आहे. काचेचा बारीक फुगा सतत ओला राहावा लागतो, कारण त्याच्या पृष्ठभागावरील पाणी शोषलेला थरच आयनांना प्रतिसाद देतो. दुकानदाराच्या सल्ल्याने मी पेन ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवला, त्यामुळे पेनाच्या आतील पोटॅशियम क्लोराइड हा क्षार हळूहळू बाहेर झिरपला. तीन आठवड्यांत आकडा स्थिरावायला दोन-दोन मिनिटे लागू लागली. पीएच आधीच ठाऊक असलेल्या ६.८६ च्या प्रमाण द्रावणावर जुळवून मग ४.०१ चे द्रावण तपासले, तर पेन ४.३ वर अडकला. आमच्या सरबतासाठी हा फरक निरुपद्रवी नाही.

पेन दोन दिवस पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवल्यावर पुष्कळसा सुधारला. तेव्हापासून मी टोपणात त्याचेच चार थेंब घालते, पण टोपण इतके सैल आहे की आठवड्यात थेंब उडून जातात आणि कडेला पांढरे मीठ जमते. एवढ्या किमतीच्या वस्तूला रबराची एक कडी बसवायला किती पैसे लागले असते? प्रमाण द्रावणाची पाकिटे परत परत विकत घ्यायला त्याहून जास्त लागतात.

माझे तारे आता साडेतीन आहेत, आणि उरलेला दीड तारा टोपणाचा आहे. ४.०१ च्या द्रावणात पेन सध्या ४.०५ दाखवतो, आणि टोपणाभोवती भाजीच्या जुडीचे रबर गुंडाळलेले आहे.