आठ महिने, तीन बेल आणि एक लोखंडी दार

ठाण्यात नौपाड्यात आमचा जुन्या बिल्डिंगमधला फ्लॅट. विटांच्या जाड भिंती, बाहेर पूर्ण पत्र्याचं लोखंडी दार. जुनी वायरची बेल बंद पडली, तेव्हा भिंत कोण फोडणार म्हणून वायरलेस आणली. बटण डबल टेपने लोखंडी दारावरच चिकटवलं आणि रिसीव्हर आईच्या खोलीत लावला.

दार उघडं ठेवून वाजवली की खणखणीत वाजायची, बंद केलं की मुकी. नवा सेल घालूनही तेच. चूक जागेची होती. बटणातला छोटासा अँटेना धातूला चिकटला की त्याचा जोर जातो, शिवाय पत्रा लहरी अडवतो. खोक्यावरचं 'शंभर मीटर' हे मोकळ्या मैदानातलं. बटण दारापासून हातभर लांब, भिंतीवर लावलं आणि रिसीव्हर पॅसेजमध्ये आणला, तेव्हा बेल नियमित वाजू लागली. पण मधल्या दोन भिंतींमुळे आईच्या खोलीत रिसीव्हर काही चालला नाही, आणि पॅसेजमधला आवाज तिला ऐकू जात नव्हता.

मग बॅटरीवरची व्हिडिओ बेल घेतली, आणि या वेळी शहाणपणाने भिंतीवरच लावली. ती घरच्या वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झवर चालते. राउटर मागच्या बेडरूममध्ये होता. बटण दाबल्यावर फोनवर चित्र यायला आठ-दहा सेकंद लागायचे, तोवर कुरिअरवाला जिना उतरलेला असायचा. अॅपमध्ये सिग्नलचा जोर सांगणारा RSSI नावाचा आकडा दिसतो. तो शून्याच्या जितका जवळ तितकं चांगलं. आमचा -79 होता. राउटर हॉलमध्ये दाराकडच्या कपाटावर आणला तर -63 झाला आणि चित्र तीनेक सेकंदांत येऊ लागलं. बॅटरी आधी तीन आठवड्यांत संपायची, आता दोन महिने जाते. सिग्नल कमजोर असला की बेल पुन्हा पुन्हा पाठवत बसते, त्यातच चार्जिंग जातं. विकत घ्यायच्या आधी फोन घेऊन दाराबाहेर उभं राहा, दार लावून घ्या आणि वायफायवर व्हिडिओ कॉल करून बघा. मी हे नंतर केलं.

तरी आईला फोन कुठे सापडतो! शेवटी वायरमन बोलावला. जुन्या पाइपातल्या वायरी शाबूत होत्या, फक्त बेल जळली होती. नवी डिंगडाँग अर्ध्या तासात बसली, भिंतीला हात लागला नाही. तिला ना दाराची अडचण ना भिंतीची. वीज गेली की मात्र गप्प. व्हिडिओ बेलही याच वायरींवर जोडू का, असं मी विचारलं, तर त्याने थांबवलं. आपल्याकडे बेलच्या पॉइंटला थेट 230 व्होल्ट असतात आणि तारेवर चालणाऱ्या बऱ्याच व्हिडिओ बेल 16 ते 24 व्होल्टच्या असतात. ट्रान्सफॉर्मर न लावता जोडली तर जळणारच.

आता वाजते ती वायरची, बघायला व्हिडिओची. समोरच्या काकूंच्या दारावर कॅमेरा जात होता म्हणून तो थोडा वळवलाय. वायरलेसचं बटण आईच्या उशाशी आहे आणि रिसीव्हर आमच्या खोलीत, शेजारीच. रात्री काही लागलं तर ती दाबते.