अनोळखी हॉलसाठी दोन पेन ड्राइव्ह : आठ महिन्यांचा अनुभव

मी सापांवर व्याख्यानं देतो. शाळा, ग्रामपंचायतीचं सभागृह, कधी देवळाचा सभामंडप. तिथे कोणता कॉम्प्युटर असेल, त्यात काय टाकलेलं असेल, हे बोलावणाऱ्यालाही माहीत नसतं. "सर, सगळं आहे, तुम्ही फक्त या," एवढंच उत्तर मिळतं. गेल्या जूनपासून तेवीस कार्यक्रम झाले. लॅपटॉप न नेता, एम्बेड केलेले फॉन्ट, पीडीएफ आणि दोन पेन ड्राइव्ह एवढ्यावर भागवायचं ठरवलं होतं. त्यातलं काय टिकलं आणि काय नाही, ते सांगतो.

आधी फॉन्ट. माझ्या स्लाइड 'मुक्ता' फॉन्टमध्ये आहेत. तो विंडोजबरोबर येत नाही, त्यामुळे हॉलच्या मशिनवर तो नसणारच हे धरून चालायचं. फॉन्ट सापडला नाही की पॉवरपॉइंट गुपचूप दुसरा देवनागरी फॉन्ट लावतं, बहुतेक वेळा निर्मला. अक्षरं दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण दोन्ही फॉन्टची रुंदी सारखी नाही. पहिल्याच कार्यक्रमात 'दंश झाल्यावर काय करू नये' या स्लाइडवरची शेवटची ओळ चौकटीबाहेर घसरून खालच्या फोटोवर जाऊन बसली. नेमकी ती ओळ होती 'जखमेवर ब्लेड मारू नका'. (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये स्लाइड असतील तर याहून वाईट: पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्या स्लाइड आधी युनिकोडमध्ये आणा.)

म्हणून `File > Options > Save` मध्ये जाऊन `Embed fonts in the file` वर खूण केली. खाली दोन पर्याय येतात. मी `Embed all characters` घेतो. फाईल थोडी फुगते, पण आयत्या वेळी गावाचं नाव किंवा तारीख बदलायची असेल तर अक्षर अडत नाही. फॉन्ट खरंच आत गेला का, हे बघायची सोपी खूण आहे. फाईलची एक प्रत काढा, तिचं शेपूट `.pptx` ऐवजी `.zip` करा आणि उघडा. आत `ppt/fonts` नावाचा फोल्डर आणि त्यात `.fntdata` फाईली दिसल्या तर काम झालं. परवान्यानेच एम्बेड करायला मनाई असलेले फॉन्ट आत जात नाहीत, हे मला इथेच कळलं. शीर्षकासाठी वापरलेला एक नक्षीदार फॉन्ट त्या फोल्डरमध्ये आलाच नव्हता, म्हणून तो काढून टाकला.

एम्बेडिंगला मात्र मी अर्धेच गुण देईन. समोर विंडोज आणि बऱ्यापैकी नवं पॉवरपॉइंट असेल तर ते उत्तम चालतं. एका शाळेत जुनं लिब्रेऑफिस होतं, त्याने आतल्या फॉन्टकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिथून पुढे मी मुख्य फाईल पीडीएफ धरतो. पॉवरपॉइंटची फाईल बरोबर असते, पण ती दुसऱ्या क्रमांकाला.

पीडीएफ बनवल्यावर मी दोन गोष्टी बघतो. अॅक्रोबॅट रीडरमध्ये `File > Properties > Fonts` उघडलं की प्रत्येक फॉन्टपुढे `Embedded Subset` लिहिलेलं हवं. आणि मग डोळ्यांनी एक स्लाइड तपासायची, जिच्यात 'दुसऱ्या', 'मण्यार', 'विषदंश' असे शब्द आहेत. जोडाक्षर मोडणार असेल तर तिथे आधी कळतं, विशेषतः 'ऱ्या'मधला तो चंद्रकोरीसारखा र. हॉलमध्ये `Ctrl+L` दाबलं की पीडीएफ पूर्ण पडदाभर होते. रीडर नसेल तर ब्राउझरमध्ये उघडायची आणि `F11` दाबायचं.

पीडीएफचा एक तोटा मला महागात पडला. माझ्या व्याख्यानात ओळख-परेड असते: आधी सापाचा फोटो, पोरांना विचारायचं "हा घोणस की अजगर?", आणि क्लिक केल्यावर नाव. पीडीएफमध्ये अॅनिमेशन राहत नाही, सगळे थर एकाच पानावर छापले जातात. फोटोबरोबर उत्तरही हजर, आणि मागच्या बाकावरून पोरं एकसुरात नाव वाचून दाखवायला लागली. आता अशा प्रत्येक स्लाइडच्या दोन स्लाइड केल्या आहेत, एक नावाशिवाय, एक नावासकट. अडतीसच्या सेहेचाळीस झाल्या. व्हिडिओ दोनच आहेत, ते वेगळ्या एमपीफोर फाईली म्हणून त्याच फोल्डरमध्ये.

सप्टेंबरमध्ये एका गावात कॉम्प्युटरच नव्हता. भिंतीवर मोठा टीव्ही, मागे यूएसबीचं छिद्र. पेन ड्राइव्ह लावला तर टीव्हीला तो दिसेना, कारण तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला होता. दुसरा फॅट३२ होता, तो दिसला, पण टीव्ही पीडीएफ उघडत नव्हता, नुसते फोटो दाखवत होता. त्या दिवशी मी तोंडीच बोललो. घरी येऊन दोन्ही ड्राइव्ह फॅट३२ केले. त्यात एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, पण माझा सगळा संसार ३०० एमबीच्या आत आहे.

शिवाय प्रत्येक स्लाइडचा जेपीजी काढून ठेवला. पॉवरपॉइंटमधून काढले तर नावं `Slide1`, `Slide2`, `Slide10` अशी येतात. विंडोजवर क्रम नीट दिसतो, पण पुढच्या वेळी टीव्हीने एकनंतर थेट दहावी स्लाइड आणली. आता पॉपलर या साधनसंचातल्या `pdftoppm` कमांडने पीडीएफपासूनच फोटो बनवतो:

```
pdftoppm -jpeg -r 144 saap.pdf s
```

यातून `s-01.jpg`, `s-02.jpg` अशी शून्य लावलेली नावं मिळतात. माझं पान १३.३३ इंच रुंद आहे, त्यामुळे १४४ला गुणलं की १९२० पिक्सेल, टीव्हीला पुरेसे.

आता दुसऱ्या ड्राइव्हचं. पहिला हॉलच्या मशिनला लागतो, दुसरा शर्टाच्या खिशात राहतो आणि पहिला फसल्याशिवाय बाहेर येत नाही. नोव्हेंबरमध्ये एका सभागृहातल्या कॉम्प्युटरला लावताच ड्राइव्हमधले फोल्डर गायब झाले आणि त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट आले. व्हायरस. शॉर्टकटवर क्लिक करायचं नाही. फाईली बहुतेक वेळा पुसलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. घरी अँटीव्हायरस फिरवून मग विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवलं (ड्राइव्हचं अक्षर आपापलं):

```
attrib -h -r -s /s /d E:\*.*
```

सगळं परत आलं. ड्राइव्ह तरीही फॉरमॅट केला. तो कार्यक्रम मात्र आयोजकांच्या पुतण्याच्या लॅपटॉपवर, खिशातल्या ड्राइव्हने झाला. दोन्ही ड्राइव्ह त्याच मशिनला लावून बघायचा मोह तेव्हा झाला होता, हेही कबूल करतो.

अजून एक कटकट सुटलेली नाही. दोन-तीन ठिकाणी जुने चौकोनी प्रोजेक्टर निघाले. त्यांवर माझी रुंद स्लाइड वर-खाली काळी पट्टी ठेवून लहान दिसते आणि मागच्या रांगेला फुरशाच्या पाठीवरची नक्षी दिसत नाही. त्यासाठी ४:३ची वेगळी प्रत करायला घेतली आहे, बारा स्लाइड झाल्या आहेत.