मुलाच्या नावावर 12 लाख होते, आता 87,600 उरलेत

आधी एक सांगते. मी अडाणी नाही. बी.कॉम. झालेय आणि चौदा वर्षं एका शाळेत लिपिक आहे. हे सांगायची लाज वाटते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, मग हिला कळलं कसं नाही.

माझे यजमान 2021 मध्ये गेले. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. सासऱ्यांनी त्यानंतर मृत्युपत्र केलं, दोन साक्षीदार, नोंदणी, सगळं रीतसर. त्यात एक ओळ होती : 'माझ्या बँकेतील दोन्ही ठेवी माझ्या नातवास मिळाव्यात.' त्या ठेवी म्हणजे 7,00,000 आणि 5,40,000, मिळून 12,40,000. पैसे मुलगा सज्ञान होईपर्यंत कोणी सांभाळायचे, कशात ठेवायचे, शाळेच्या फीसाठी व्याज काढायचं का, यावर एक अक्षर नाही. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा म्हणून माझ्या चुलत दिरांचं नाव, आणि ठेवींवर नॉमिनीही तेच. सासऱ्यांचा त्यांच्यावर फार विश्वास. शेताचे सगळे कागद तेच बघायचे.

सासरे मार्च 2023 मध्ये गेले. बँकेने नॉमिनीला पैसे दिले. नॉमिनी हा मालक नसतो, ज्याचे आहेत त्याला पोचते करायचे म्हणून तो पैसे घेतो, हे आता मला पाठ झालंय. तेव्हा मला एवढंच कळलं की पैसे भाऊजींच्या खात्यात आलेत आणि ते मुलाच्या नावावर ठेवणार आहेत.

"वहिनी, तुम्ही कुठं खेपा घालणार? नोकरी बघा, पोराकडं बघा. पतसंस्थेत व्याज जास्त मिळतंय, संचालक आपल्या ओळखीचेच आहेत." 40,000 तेराव्याचे आणि कागदपत्रांचे म्हणून त्यांनी आधीच वजा केले होते. तेही मी विचारलं नाही. घरात माणूस गेल्यावर हिशेब मागणारी सून कशी दिसते, ते ज्यांना दिसलंय त्यांनाच माहीत.

आता ती घटका. ऑगस्ट 2023, पतसंस्थेचं कार्यालय, ठेवीचा अर्ज. 12,00,000 रुपये, नऊ टक्के, ठेवीदार माझा मुलगा. खाली 'अज्ञान ठेवीदाराचे पालक' या रकान्यात भाऊजींचं नाव आणि पुढे 'नाते : चुलते'. मी तो रकाना वाचला. अहो, मी शाळेत रोज हेच काम करते! प्रवेशअर्जावर आई-वडिलांऐवजी मामाचं नाव असलं की मी अर्ज परत करते, म्हणते कोर्टाचा कागद आणा. आणि इथे माझ्याच पोराच्या नावापुढे चुलता पालक म्हणून लिहिलाय आणि मी म्हटलं, असू दे, घरचेच आहेत. वर शंभराच्या स्टँपवर सहीही केली, की 'सदर ठेवीचे व्यवहार त्यांनी पाहण्यास माझी संमती आहे.' 'व्यवहार' या शब्दात किती मावतं ते मला फेब्रुवारी 2025 मध्ये समजलं.

फीसाठी व्याज काढावं म्हणून गेले तर खिडकीतली मुलगी म्हणाली, "ठेव कर्जात वळती झाली की." ठेव ठेवली त्याच महिन्यात तिच्यावर नव्वद टक्के, म्हणजे 10,80,000 ठेवतारण कर्ज उचललं होतं. बारा टक्क्यांनी दीड वर्षाचं व्याज 1,94,400. ठेव व्याजासकट 13,62,000 झाली होती. त्यातून 12,74,400 कापून घेतले. शिल्लक 87,600.

भाऊजी म्हणतात, धंद्यात अडकलेत, पोरगा अठराचा व्हायच्या आत भरतो.

पोलिसांकडे गेले. मी विश्वासघात म्हणतेय, कलम 406 म्हणतेय, आणि हवालदार संमतीपत्र वाचून म्हणतो, "सही तुमचीच ना? मग हे दिवाणी आहे." चार खेपांनंतर अर्जाची पोच मिळाली. गुन्हा नाही. बँकेत गेले. ते म्हणाले, आम्ही नॉमिनीला दिले, आमचं काम संपलं, मृत्युपत्र आम्हाला कोणी दाखवलंच नाही. (खरंय, दाखवलं नाही. मी तरी कुठे दाखवलं?) सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात गेले. तिथले साहेब पहिल्यांदा दौऱ्यावर, दुसऱ्यांदा रजेवर, तिसऱ्यांदा भेटले आणि म्हणाले, ठेवीदाराने तक्रार करावी. ठेवीदार सातवीत आहे, साहेब! मग म्हणाले, पालकाने करावी. कोणता पालक, तर पावतीवर आहे तो. म्हणजे ज्याने पैसे उचलले त्यानेच स्वतःविरुद्ध अर्ज द्यायचा. बाहेर पायरीवर बसून मी हसले, खरंच हसले. पतसंस्थेचा मॅनेजर तर वर सांत्वन करतो, "मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षं मुदत असते, घाई कशाला?" नऊ वर्षांनी दावा लावायचा, म्हणजे तोवर ही पतसंस्था असेल याची खात्री हाच देणार. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तोही नाही.

शेवटी साताऱ्याच्या एका वकीलबाईंनी अर्ध्या तासात जे सांगितलं ते मला मार्च 2023 मध्ये हवं होतं. वडील गेल्यावर हिंदू मुलाची नैसर्गिक पालक आई असते, 1956 च्या कायद्याने. चुलता नुसता सांभाळतो म्हणून त्याला अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा व्यवहार करता येत नाही, त्याच कायद्याचं कलम 11. मृत्युपत्राचा अंमलदार म्हणजे पालक नव्हे. आणि नातवाला लगेच द्यायची रक्कम असेल, पण ती त्याच्या वतीने कोणी घ्यायची हे लिहिलेलं नसेल, तर अंमलदाराने ती जिल्हा न्यायालयात मुलाच्या नावे भरावी, असं 1925 च्या उत्तराधिकार कायद्याचं कलम 348 आहे. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, घेतलं असतं तर हा रस्ता सरळ होता. आमच्याकडे ते घ्यायची सक्ती नव्हती, म्हणून कोणी घेतलं नाही. घर किंवा जमीन असती तर कोर्टाच्या परवानगीशिवाय आईलाही विकता आली नसती. रोख पैशाला मात्र असं कुंपण नाही, ते तुम्हीच घालायचं असतं.

आजी-आजोबा हे वाचत असतील तर कृपा करून नुसतं 'नातवास मिळावे' लिहून थांबू नका. कोण सांभाळणार, कुठल्या बँकेत, मोडायची नाही, तारण ठेवायची नाही, फीसाठी फक्त व्याज, हे लिहा. दोन माणसं नेमा आणि दोघांच्या सह्यांशिवाय पैसा हलू नये असं लिहा. अंमलदार आणि नॉमिनी एकच माणूस तर अजिबात नको. आणि आयांनो, पालकाच्या रकान्यात दुसऱ्याचं नाव दिसलं की पेन खाली ठेवा. घरचेच असले तरी. घरचेच असले तर आधी.

मुलाच्या वतीने मी दावा लावलाय, भाऊजी आणि पतसंस्था दोघांवर. कर्ज कलम 11 मुळे टिकत नाही असं आमचं म्हणणं, आणि आईची संमती होती असं त्यांचं. पहिल्या तारखेला भाऊजी कोर्टाच्या आवारात भेटले. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून "अभ्यास करतोस ना रे" म्हणाले. तो हो म्हणाला. त्याला अजून सगळं सांगितलेलं नाही.