पगार, नोटीस पिरियड आणि रुजू होण्याची तारीख: अर्जाच्या पत्रात काय लिहावं?

माझी भाची चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहे. जूनच्या सुरुवातीला तिनं एक जाहिरात पाठवली. खाली ठळक अक्षरांत सूचना होती: अर्जासोबतच्या पत्रात सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटीस पिरियड आणि रुजू होण्याची संभाव्य तारीख लिहावी, अन्यथा अर्ज विचारात घेतला जाणार नाही. तिचा प्रश्न साधा होता. "मामा, आकडा लिहू की 'निगोशिएबल' लिहून टाकू?"

मी बरीच वर्षं भरतीच्या कामात काढली, त्यामुळे पलीकडच्या टेबलावर काय होतं ते आधी सांगतो. अर्ज आले की भरतीवाला त्यातली माहिती एका एक्सेल शीटमध्ये उतरवतो. नाव, अनुभव, सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटीस पिरियड, गाव. ही शीट विभागप्रमुखाकडे जाते. त्या जागेसाठी किती पैसे मंजूर आहेत आणि माणूस कधीपर्यंत हवा आहे, हे त्याला ठाऊक असतं. पगाराचा रकाना कोरा दिसला तर शंभरातला एखादाच उमेदवार असा असतो ज्याला फोन करून विचारलं जातं. बाकीच्यांची ओळ तशीच मागे राहते. म्हणून जाहिरातीनं मागितलेली माहिती गाळणं हा पर्याय मी बाजूलाच ठेवतो. जाहिरातीनं मागितली नसेल, तर मात्र पत्रात पगाराचा शब्दही काढू नये.

आकडा, पट्टा की 'निगोशिएबल'?

'निगोशिएबल' किंवा 'कंपनीच्या नियमानुसार' हे लिहायला सोपं आणि नम्र वाटतं. पण रकान्यात ते कोऱ्या जागेसारखंच दिसतं. पगाराचा पट्टा जाहिरातीतच छापलेला असेल, ठरलेली वेतनश्रेणी असलेली अनुदानित संस्था असेल किंवा तुम्ही अगदी फ्रेशर असाल, तर हे शब्द चालतात. सहा वर्षं अनुभव असलेल्या माणसानं खासगी कंपनीला असं लिहिलं की पहिल्या फोनवर तोच प्रश्न विचारला जातो, आणि तेव्हा तयारी नसते.

पट्टा देण्यात वेगळी अडचण आहे. '८ ते १० लाख' असं लिहिलं की तुमच्या मनात दहा असतात आणि वाचणाऱ्याच्या मनात आठ. खालचा आकडा तुम्हाला खरोखर मान्य असेल तरच पट्टा द्यावा, आणि दोन टोकांत साधारण दहा टक्क्यांहून जास्त अंतर ठेवू नये. बाजारभावाचा नीट अंदाज नसेल तेव्हा असा अरुंद पट्टा उपयोगी पडतो.

माझा कल एका नेमक्या आकड्याकडे आहे, पण तो आकडा कशाचा आहे हे लिहायलाच हवं. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. भाचीचंच उदाहरण घेऊ.

तिचा सीटीसी सुमारे ७ लाख २० हजार. त्यात महिन्याचा ग्रॉस ५१,००० म्हणजे वर्षाचे ६ लाख १२ हजार. बेसिक २४,००० आहे, त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ वर्षाला ३४,५६० होतो. ग्रॅच्युइटीपोटी बेसिकच्या ४.८१ टक्के धरतात, ते १३,८५३. उरलेले ६० हजार व्हेरिएबल. ग्रॉसमधून तिचा स्वतःचा २,८८० पीएफ आणि २०० रुपये व्यवसाय कर गेला की हातात ४७,९२० येतात.

तिनं पत्रात 'अपेक्षित सीटीसी ९ लाख' लिहिलं होतं. पंचवीस टक्के वाढ, मागणी वाजवीच. पण समजा नव्या कंपनीनं नऊ लाख जसेच्या तसे मान्य केले आणि त्यातले वीस टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार, व्हेरिएबल ठेवले. बेसिक ३०,००० धरू. व्हेरिएबल वजा करून ७ लाख २० हजार उरले, त्यातून कंपनीचा पीएफ ४३,२०० आणि ग्रॅच्युइटी १७,३१६ गेले. ग्रॉस महिन्याला ५४,९५७. हातात ५१,१५७. म्हणजे कागदावर पंचवीस टक्के वाढ आणि दरमहा सव्वातीन हजार जास्त. पीएफची वाढलेली रक्कम तिचीच आहे हे खरं, पण घरभाडं त्यातून भरता येत नाही. शिवाय व्हेरिएबल पूर्ण मिळेलच असं नाही, आणि ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट असते हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

तिनं त्याऐवजी 'फिक्स्ड ८ लाख, व्हेरिएबल वेगळा' असं लिहिलं तर? फिक्स्ड म्हणजे व्हेरिएबल सोडून उरलेला सीटीसी. त्याच बेसिकवर तोच पीएफ आणि तीच ग्रॅच्युइटी धरून ग्रॉस ६१,६२४ येतो आणि हातात ५७,८२४. ८ लाख हा आकडा ९ लाखांपेक्षा लहान दिसतो, तरी दरमहा जवळजवळ दहा हजारांची वाढ होते. म्हणून आकडा लिहाल तर फिक्स्ड आणि व्हेरिएबल वेगळे लिहा. सध्याचा पगार लिहितानाही हीच फोड द्या, म्हणजे तुलना सारख्याला सारखी होते.

सध्याचा आकडा फुगवू नका. ऑफर देण्याआधी शेवटच्या तीन पगारपावत्या मागतात, कधी फॉर्म १६ आणि बँकेचं स्टेटमेंटही. तिथे फरक सापडला की ऑफर जाते आणि तो शेरा त्या कंपनीच्या नोंदीत राहतो. तुमचा पगार आजच बाजारापेक्षा कमी असेल तर तो खरा लिहा आणि अपेक्षित आकड्यामागचं कारण एका वाक्यात द्या. उदाहरणार्थ, गेली दोन वर्षं पुरवठादारांचं ऑडिट स्वतंत्रपणे करते आहे आणि मागणी त्या जबाबदारीला धरून आहे. भरतीवाल्याला हे वाक्य विभागप्रमुखापुढे जसंच्या तसं ठेवता येतं.

नोटीस: करारातली की सुटू शकाल ती?

इथे दोन प्रकारची माणसं दिसतात. एक सरळ '९० दिवस' लिहितात. दुसरी, अर्ज मागे पडेल या भीतीनं '३० दिवस' लिहितात आणि पुढचं पुढे बघू म्हणतात. ही भीती खोटी नाही. नोकरीच्या संकेतस्थळांवर भरतीवाले नोटीस पिरियडची चाळणी लावतात आणि ९० दिवसवाले त्यात खरंच मागे पडतात. पण ३० लिहून ऑफर घेतली आणि जुन्या कंपनीनं सोडलं नाही, तर दोन्हीकडे तोंडघशी पडायची वेळ येते.

यातून वाट काढण्याआधी आपलं नियुक्तीपत्र काढून वाचावं. तिथे नोटीस किती दिवसांची, तिच्या बदल्यात पैसे भरता येतात का, आणि ते बेसिकवर की ग्रॉसवर, हे लिहिलेलं असतं. भाचीला ३० दिवस कमी करून हवे असतील तर बेसिकवर २४,००० भरावे लागतील आणि ग्रॉसवर ५१,०००. तिच्या नियुक्तीपत्रात बेसिक होतं, पण पुढे 'व्यवस्थापनाच्या संमतीने' असेही शब्द होते. हे शब्द असतील तर पैसे भरून सुटणं हा तुमचा हक्क राहत नाही, ती विनंती होते. शिल्लक रजा नोटीसमध्ये धरणंही बहुधा साहेबांच्या मर्जीवर असतं.

नवी कंपनी कधीकधी ही रक्कम भरून देते. पण ती सहसा रुजू झाल्यावर मिळते, ठरावीक काळाच्या आत नोकरी सोडली तर परत करावी लागते आणि पगार म्हणून करपात्र ठरते. हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्यायचं असतं. अर्जाच्या पत्रात ही मागणी करू नये, अजून तुमची निवडही झालेली नसते.

म्हणून पत्रात दोन्ही आकडे द्यावेत: करारातला आणि प्रयत्नानं शक्य असलेला, सोबत अट. रकान्यात '९० दिवस, ६० पर्यंत कमी शक्य' असं उतरतं, आणि ते नुसत्या ९० पेक्षा बरंच बरं दिसतं.

तारीख की दिवस?

भाचीनं मसुद्यात '१ सप्टेंबरपासून रुजू होऊ शकते' असं लिहिलं होतं. हिशोब तिनं अर्जाच्या दिवसापासून केला होता: ३ जूनला अर्ज, पुढे ९० दिवस. पण नोटीस राजीनाम्यापासून मोजतात, आणि लेखी ऑफर हातात येईपर्यंत राजीनामा द्यायचा नसतो. दोन-तीन मुलाखती, कागदपत्रं, पगाराची बोलणी यांत पाच आठवडे सहज जातात. समजा १० जुलैला ऑफर आली आणि ११ जुलैला तिनं राजीनामा दिला, तर तो दिवस धरून नव्वदावा दिवस ८ ऑक्टोबरला येतो. ३० दिवस सोडवून घेतले तरी ८ सप्टेंबर. म्हणजे १ सप्टेंबर कोणत्याही वाटेनं जमत नव्हता.

ठाम तारीख दोघांनाच शोभते: जो आधीच नोटीसवर आहे आणि ज्याच्याकडे शेवटच्या दिवसाचा ईमेल आहे, किंवा जो सध्या नोकरीत नाही. नोटीसवर असलेल्यानं तर ती तारीख आवर्जून लिहावी, भरतीवाल्याला तीच सगळ्यात आवडते. बाकीच्यांनी 'ऑफर लेटर मिळाल्यापासून इतक्या दिवसांत' असं लिहावं. जाहिरातीला तारीखच हवी असेल तर दिवस लिहून पुढे 'म्हणजे साधारण ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा' असं जोडावं.

घाईनं जुनी नोकरी संपायच्या आधीच नव्या ठिकाणी रुजू होणाऱ्यांना एक सांगतो. पीएफच्या यूएएन खात्यात दोन्ही कंपन्यांच्या तारखा दिसतात, आणि त्या एकमेकींवर चढल्या की पुढच्या पडताळणीत प्रश्न येतो.

हे सगळं पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात, आभाराच्या आधी लिहावं. सुरुवातीला पगार आला की कामाबद्दलचं पुढचं वाचलं जाण्याआधीच आकड्यावर मत बनतं. भाचीचा परिच्छेद शेवटी असा झाला (पाठवला इंग्रजीत, मजकूर हाच):

"जाहिरातीत विचारल्याप्रमाणे: माझा सध्याचा फिक्स्ड पगार वार्षिक ६.६० लाख असून व्हेरिएबल ०.६० लाख आहे. अपेक्षित फिक्स्ड पगार ८ लाख, व्हेरिएबल आपल्या धोरणानुसार वेगळा. पदाच्या जबाबदाऱ्या समजल्यावर याबद्दल बोलण्याची तयारी आहे. नियुक्तीपत्रानुसार नोटीस ९० दिवसांची आहे. व्यवस्थापनाच्या संमतीने ती ६० दिवसांपर्यंत कमी होऊ शकते. ऑफर लेटर मिळाल्यापासून ६० ते ९० दिवसांत रुजू होऊ शकेन."

'बोलण्याची तयारी आहे' हे वाक्य ठेवायचं की नाही, यावर आम्ही बराच वेळ घालवला. तिचा खालचा आकडा साडेसात होता, म्हणून ठेवलं. आठच्या खाली यायचंच नसतं, तर मी ते काढायला लावलं असतं.