शॉटकट: मुलाखती कापताना S, > आणि Shift+I (काही महिन्यांच्या वापरानंतर)

आमच्या वाचनालयासाठी मी जुन्या कारागिरांच्या मुलाखती चित्रित करतो आणि संकलनही मीच करतो. गेले काही महिने हे सगळं काम शॉटकटवर चाललं आहे. हे व्हिडिओ संकलनाचं मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. फिल्टर आणि रंगांबद्दल बरंच लिहिलं जातं, ते मी सोडून देतो. बोलण्याच्या लांबलचक चित्रीकरणातून नको ते काढून टाकणं, एवढ्याच कामाबद्दल सांगायचं आहे. मुलाखतीत वेळ खातं ते हेच.

नवशिक्याला कापायची जी पद्धत सहज सापडते, ती अशी: नको असलेल्या भागाच्या सुरुवातीला S दाबून क्लिप तोडायची, शेवटी पुन्हा S, मग मधला तुकडा माउसने निवडून X दाबायचं. X ने तुकडा जातो आणि त्याच्यानंतरचं सगळं अलीकडे सरकून मोकळी जागा बुजते. नुसतं Delete दाबलं तर तुकडा जातो, जागा रिकामी राहते. या पद्धतीत चूक काही नाही, पण दरवेळी हात माउसकडे जातो आणि तुकडा निवडताना नजर चित्रावरून हटते.

मी आता दोन फेऱ्यांत काम करतो. पहिल्या फेरीत काहीच कापत नाही. L दोनदा दाबून मुलाखत वेगात ऐकायची आणि जिथून ठेवण्यासारखं बोलणं सुरू होतं तिथे K ने थांबून M दाबायचं. मार्कर तयार होतो. दुसऱ्या फेरीत चांगलं बोलणं संपलं की S, मग पुढच्या मार्करवर उडी मारायला > आणि शेवटी Shift+I. हे शेवटचं बटण प्लेहेडखालच्या, म्हणजे सध्याची जागा दाखवणाऱ्या उभ्या रेषेखालच्या, क्लिपची सुरुवात प्लेहेडपर्यंत छाटतं आणि पडलेली जागा लगेच बुजवतं. यालाच रिपल ट्रिम म्हणतात. फक्त I दाबलं तर छाटणी तीच होते, पण जागा रिकामी राहते.

येवल्याच्या एका विणकर काकांच्या मुलाखतीचं उदाहरण घेतो. पैठणीवर असावलीची वेल विणताना धागे कसे मोजतात हे काका सांगत होते, तेवढ्यात ४:१० ला चहा आला. कपबश्या, ‘साखर कमी आहे का’ वगैरे होऊन ४:३१ ला पुन्हा विषय सुरू झाला. पहिल्या फेरीत ४:३१ वर मार्कर. दुसऱ्या फेरीत ४:१० वर S, मग >, मग Shift+I. एकवीस सेकंद गेले, आणि ‘वेल’ शब्दावर संपलेलं वाक्य थेट पुढच्या वाक्याला भिडलं. डावा हात S वर, उजवा > वर, डोळे काकांच्या चेहऱ्यावर. वाक्य जुळलं की नाही हे त्याच क्षणी कळतं, कारण लक्ष तुटलेलं नसतं.

यात एक सेटिंग फार महत्त्वाचं आहे. शॉटकटमधला मार्कर टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप मांडलेल्या काळपट्टीवर बसतो, क्लिपला चिकटलेला नसतो. वरचे एकवीस सेकंद गेल्यावर ६:०५ चं वाक्य ५:४४ वर येतं. टाइमलाइनच्या मेनूमधलं Ripple Markers चालू असेल तर मार्करही ५:४४ वर येतो. बंद असेल तर तो ६:०५ लाच थांबतो आणि पुढची Shift+I एकवीस सेकंद चांगलं बोलणं खाऊन टाकते. दोन-तीन काटछाटींनंतर हा फरक साठत जातो. ओळखायची खूण सोपी आहे: > दाबल्यावर प्लेहेड वाक्याच्या तोंडाशी न येता मधेच कुठेतरी पडू लागतो. तसं दिसलं की तिथेच थांबून Ctrl+Z.

आणखी एक: > प्रत्येक मार्करवर थांबतं, रंग वेगळा दिला तरी. म्हणून या फेरीत मार्कर फक्त ‘इथून ठेवायचं’ यासाठीच वापरावेत. ‘इथे मागाचा फोटो’ वगैरे टिपा मी वहीत लिहितो.

Shift+O हे याचंच उलट बटण, प्लेहेडच्या पुढचा भाग छाटणारं. ते जपून वापरावं. क्लिप अजून तोडलेली नसेल तर प्लेहेडपुढची उरलेली सगळी मुलाखत एका झटक्यात नाहीशी होते. तुकडे पाडून झाल्यावर एखाद्याचं शेपूट कमी करायला मात्र ते उत्तम.

शेपूट किती ठेवायचं, हा मला सगळ्यात नाजूक भाग वाटतो. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं आणि बोलताना ते शेवटचं ‘आहे’, ‘होतं’, ‘बघा’ हलकं होत जातं. ध्वनीच्या आलेखात ते जवळपास सपाट दिसतं. आलेख पाहून कापलं तर ‘आम्ही करत होतो ना’ मधला ‘ना’ उडतो आणि माणूस तुसडा वाटायला लागतो. म्हणून कापायचं ते कानाने. उजव्या बाणाने एकेक फ्रेम पुढे जायचं आणि शब्द विरल्यावर चार-पाच फ्रेम सोडून S. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे पाच फ्रेम सोडल्या तर पाव सेकंदाहून कमी थांबा राहतो. एवढा पुरतो.

फोटो आणि संगीत आधीच टाकलेलं असेल तर दुसरी अडचण येते. Ripple All Tracks बंद असताना रिपल फक्त ज्या ट्रॅकवर कापलं त्याच ट्रॅकवर होतं. बोलणं अलीकडे सरकतं, वरच्या ट्रॅकवरचा फोटो जागचा हलत नाही, आणि काका पैठणीवरच्या मुनिया पोपटाबद्दल बोलून झाल्यावर मुनियाचं चित्र येतं. पर्याय चालू केला तर फोटो बोलण्याबरोबर सरकतात, पण संगीतही कापलं जाऊ नये म्हणून तो ट्रॅक कुलूपबंद करावा लागतो. कुलूपबंद ट्रॅक रिपलमध्ये हलत नाही. मी आधी फक्त बोलणं पूर्ण कापतो, फोटो नंतर. त्यातच कमी डोकेदुखी आहे.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी खास सूचना. मार्करला मराठीत नाव दिलं आणि कळफलक मराठीवरच राहिला, की माझ्या विंडोजच्या संगणकावर S, M ही बटणं काहीच करत नाहीत. सॉफ्टवेअर अडकलंय असं वाटतं. Windows+Space ने इंग्रजीवर आलं की सुरळीत. तसंच Source टॅब समोर असेल तर I आणि O टाइमलाइनवर न चालता मूळ क्लिपच्या खुणा बदलतात, म्हणून आधी टाइमलाइनवर एक क्लिक.

फोनच्या चित्रीकरणात फ्रेमचा वेग बहुतेकदा बदलता असतो. अशी क्लिप उघडल्यावर शॉटकट ती संकलनाला सोयीच्या रूपात बदलायचं विचारतं. तिथे होकार द्यावा. फाइल मोठी होते, पण फ्रेम-फ्रेमने कापताना प्लेहेड अडखळत नाही. जुन्या लॅपटॉपवर 4K साठी Settings मधलं Proxy, म्हणजे हलक्या प्रतीवर काम करणं, चालू केल्याशिवाय या बटणांचा वेग हाती लागत नाही.

काम संपल्यावर कापणीचे मार्कर पुसून मी विषयवार नवे लावतो आणि File मेनूतल्या Export मधून ते Markers as Chapters म्हणून काढतो. ती यादी यूट्यूबच्या वर्णनात चिकटवली की प्रकरणं तयार. पहिलं 00:00 लाच हवं, किमान तीन हवीत आणि प्रत्येक निदान दहा सेकंदांचं हवं, नाहीतर यूट्यूब ती दाखवत नाही. धाग्यांची मोजणी, रंग, मजुरी अशी प्रकरणं असली की वाचनालयात येणारी मुलं हवा तो भाग थेट उघडतात.