तानपुऱ्यामागची टिकटिक: ओपन-बॅक आणि क्लोज्ड-बॅक हेडफोन, नऊ महिन्यांनंतर

माझा स्टुडिओ म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटची मागची खोली. गाणारा आणि मी एकाच खोलीत, मध्ये काच नाही. पहिल्यांदा मी सेनहायझर एचडी ६०० घेतला, ओपन-बॅक. मिक्सिंगसाठी त्याचं नाव खूप ऐकलं होतं, आणि ते खरंच आहे. चूक माझी: त्याच हेडफोनवर रेकॉर्डिंगही भागेल असं मी धरलं.

एका ओळखीच्या काकूंचं भावगीत करत होतो. लय संथ, साथीला तानपुरा आणि पेटी, कानात लय धरायला क्लिकची टिकटिक. रेकॉर्डिंग ऐकताना काही खटकलं नाही. शेवटच्या ओळीत पेटी थांबते आणि नुसता आवाज नि तानपुरा उरतो. मिक्स करताना तिथे श्वासाच्या मागून स्पष्ट टिक, टिक.

ओपन-बॅकच्या कपाला मागे जाळी असते. आतला पडदा हलला की कानाकडे जातो तसाच आवाज मागूनही बाहेर पडतो, आणि माइक तिथून वीतभर अंतरावर. मी नंतर मोजून पाहिलं. काकूंचा आवाज –१० डेसिबलपर्यंत जात होता, गळलेली क्लिक –४६ च्या आसपास. ३६ डेसिबलचा फरक पुरेसा वाटतो, पण कॉम्प्रेसरने मोठा आवाज दाबून एकूण पातळी ८ डेसिबल उचलली, शेवटच्या लिमिटरने आणखी ५. म्हणजे शांत जागी क्लिक –३३ वर आली. शांत जागा आपोआप बंद करणाऱ्या गेटनं ती कापता येत नाही, कारण सोबत श्वास आणि स्वराची शेपटीही कापली जाते. टेक पुन्हा घ्यावा लागला.

मग बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो आणला, ८० ओमचा, क्लोज्ड-बॅक. तीच क्लिक, तीच पातळी, डोकं माझं: गळती –६६ च्या खाली गेली. पण काकूंनी तो घातल्यावर परत वाढली! कारण चष्मा. चष्म्याची काडी कपाच्या गादीखाली जाते, तिथे फट राहते. तिथून आवाज बाहेर येतो आणि आत बेसही कमी होतो. गाताना त्या चष्मा काढून ठेवू लागल्या (शब्द पाठ होते म्हणून जमलं).

दुसरी अडचण मला आधी सुचलीच नव्हती. कान पूर्ण झाकले की स्वतःचा आवाज डोक्यातच घुमतो. काकू म्हणाल्या, "अरे, विहिरीत तोंड घालून गातेय असं वाटतंय," आणि सवयीनं उजवा कप कानामागे सरकवला. असा अर्धवट सुटलेला क्लोज्ड-बॅक जवळपास ओपन-बॅकसारखाच गळतो. उपाय सोपा: उजव्या बाजूचा आवाज पूर्ण बंद आणि सगळं डाव्या कानात, मोनो. कप रिकामाच, कुठे का असेना. शिवाय त्यांच्या कानात त्यांचाच आवाज थोडा वर, किंचित रिव्हर्बसह. त्यानं कप सरकवणंही कमी झालं.

क्लिकचा आवाजही बदलला. तीक्ष्ण लाकडी टक् ऐवजी बोथट आवाज, वरच्या कंपनसंख्या कापलेला. क्लिकऐवजी तबल्याचा लूप द्यायचा मोह होतो, पण नंतर खरा तबला वाजवला की गळलेला ठेका त्याच्यामागे दुहेरी ऐकू येतो. ते क्लिकपेक्षा वाईट.

क्लोज्ड-बॅक घेतल्यावर महिनाभर मिक्सिंगही त्यावरच केलं, कारण तो आधीच डोक्यावर असायचा. त्याचा बेस मुळात भरलेला आहे, त्यामुळे मी डग्गा सतत खाली ओढत होतो. गाडीत लावलं तर तबला नुसता चाटीचा, खालचा बोलच नाही. एचडी ६०० वर परत आल्यावर डग्गा, पेटी आणि आवाज यांचं नातं दोन मिनिटांत बसलं, आणि तीन तास घालूनही कान उबत नाहीत. मात्र तो अगदी खालचा बेस कमी दाखवतो, त्यामुळे पन्नास हर्ट्झखाली काही घुमतंय का ते क्लोज्ड-बॅकवर तपासतो. आणि छताचा पंखा बंद करावा लागतो, नाहीतर त्याची सळसळ रिव्हर्बची शेपटी गिळते. मेमध्ये ही शिक्षाच आहे. आणखी एक: हा ३०० ओमचा आहे, लॅपटॉपच्या जॅकवर मला आवाज अपुरा वाटला, इंटरफेसवर ठीक.

एकच घ्यायचा असेल आणि तुमच्याकडे माइकसमोर माणूस गाणार असेल, तर क्लोज्ड-बॅक घ्या. त्याच्यावरचं मिक्स दुसऱ्या स्पीकरवर सुधारता येतं; टेकमध्ये मिसळलेली क्लिक निघत नाही. फक्त प्रोग्रॅमिंग आणि मिक्सिंग करत असाल तर ओपन-बॅक, पण घरी शेजारी कोणी झोपलेलं नको, त्यांना सगळं ऐकू येतं.

आता प्रत्येक गायकाबरोबर पहिला टेक न गाता घेतो: हेडफोन घालून माइकसमोर उभं राहायचं, कानातला आवाज गातानाचाच, तोंड बंद. तीस सेकंद रेकॉर्ड करून २० डेसिबलनं उचलून ऐकतो. टिकटिक आली तर गादी, चष्मा, केस, याच क्रमानं बघतो.