डोसिटॅक्सेल की ल्युटेशियम : हार्मोनच्या गोळीला दाद मिळेनाशी झाल्यावर

हा आढावा एका ठरावीक वळणावर उभ्या असलेल्या घरांसाठी आहे. वडिलांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेलेला आहे. इंजेक्शनं देऊन किंवा ऑपरेशन करून पुरुषी हार्मोन बंद केलं आहे. वर अबिराटेरोन किंवा एन्झालुटामाइडची गोळीही चालली, आणि आता आजाराचा अंदाज देणारा रक्तातला पीएसए पुन्हा चढू लागला आहे. नागपुरात माझ्यासमोर बसलेली मुलं अशा वेळी बहुतेक एकच विचारतात, "बाबा किमो नाहीच म्हणून राहिले. त्यापेक्षा ल्युटेशियम करता येईल का?"

कधी येतं, कधी येत नाही, आणि ते वयावरून किंवा हिमतीवरून ठरत नाही.

डोसिटॅक्सेल ही किमो दर तीन आठवड्यांनी शिरेतून जाते, साधारण सहा ते दहा वेळा. विभागणाऱ्या पेशीला ती तिथेच अडवते, मग ती पेशी कॅन्सरची असो, केसांच्या मुळाची असो की मज्जेतली. ल्युटेशियमचं तसं नाही. प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर पीएसएमए नावाचं प्रथिन भरपूर असतं. त्याला चिकटणारा एक छोटा रेणू घेतात, त्याला ल्युटेशियम-१७७ चा किरणोत्सारी अणू जोडतात आणि सलाईनसारखा शिरेतून देतात. एका वेळचा नेहमीचा डोस २०० मिलिक्युरी, दर सहा आठवड्यांनी, जास्तीत जास्त सहा वेळा. त्यातून निघणारे बीटा किरण शरीरात फार तर दोन मिलिमीटर जातात, म्हणून मार गाठीत आणि तिच्या लगतच बसतो. पण ज्या पेशीवर पीएसएमए नाही, तिच्यासाठी हे औषध जवळजवळ नसल्यासारखंच. सगळा निर्णय या एका गोष्टीवर फिरतो.

आकड्यांची दिशाभूल इथेच होते. २०२१ मध्ये आलेल्या व्हिजन चाचणीतले पुरुष गोळी आणि किमो दोन्ही घेऊन झालेले होते. ल्युटेशियम मिळालेल्यांपैकी निम्मे १५.३ महिन्यांहून जास्त जगले, न मिळालेल्यांपैकी निम्मे ११.३ महिन्यांहून. किमोच्या आधी ल्युटेशियम देऊन पाहणाऱ्या पीएसएमएफोर चाचणीत आजार रोखून धरण्यात ते सरस ठरलं, पण तिथे समोर किमो नव्हती, फक्त दुसरी हार्मोनची गोळी होती. डोसिटॅक्सेलशी थेट तुलना चंडीगडच्या पीजीआयने केली. त्यात ल्युटेशियम कमी पडलं नाही, मात्र पेशंट चाळीसच होते. ऑस्ट्रेलियातल्या थेरपी चाचणीत कॅबाझिटॅक्सेल या पुढच्या किमोशी सामना होता. पीएसए निम्म्यावर येण्याचं प्रमाण ल्युटेशियमकडे ६६ टक्के, किमोकडे ३७. त्रासही ल्युटेशियमचा कमी. आयुष्य मात्र दोन्हीकडे सारखंच. आणि त्या चाचणीत प्रत्येकाचे दोन पेट स्कॅन करून, जुळणारेच घेतले होते. आपला एकच स्कॅन झाला असेल तर तो ६६ चा आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू करू नये.

दोन स्कॅन म्हणजे काय, ते काटोलकडच्या एका संत्रा बागायतदारांच्या उदाहरणावरून सांगतो. वय ७१, पीएसए सहा महिन्यांत ६ वरून ४८. पंधरा वर्षांचा डायबेटीस, तळपायांना आधीपासून मुंग्या. डोसिटॅक्सेल नसांवर जातं, त्यामुळे या पायांकडे पाहून कुणीही ल्युटेशियमच म्हणेल. पीएसएमए पेट पाहिला. लाळेच्या ग्रंथी, किडन्या, मूत्राशय नेहमीसारखे ठळक. कण्याचे पाच मणके, दोन बरगड्या आणि कमरेचं हाड यकृतापेक्षा कितीतरी जास्त उजळलेलं. इथवर सगळं ल्युटेशियमच्या बाजूचं.

मग साखर ओढणाऱ्या पेशी दाखवणारा एफडीजी पेट शेजारी लावला. हाडं त्यात फिकी होती, पण यकृताच्या उजव्या भागात दोन सेंटिमीटरचा एक ठिपका चांगलाच तापलेला. पीएसएमएच्या स्कॅनवर परत जाऊन तीच जागा शोधली, तर तिथे आजूबाजूच्या यकृतापेक्षाही काळं. म्हणजे सर्वांत आक्रमक गाठ तीच, आणि ल्युटेशियमला न दिसणारीही तीच. ल्युटेशियम दिलं असतं तर हाडं शांत झाली असती, पीएसए खाली आला असता, घरी आनंद झाला असता, आणि यकृतातलं मात्र वाढत राहिलं असतं. पीएसए उतरतोय पण भूक जातेय, वजन घटतंय किंवा यकृताच्या तपासण्या बिघडतायत, असं दिसलं तर पीएसएवर विसंबू नका. एफडीजी करायला सांगा.

त्या ठिपक्यातून सुईने तुकडा घेतला. न्यूरोएंडोक्राइन प्रकारात बदललेला कॅन्सर निघाला असता तर प्लॅटिनमवाली वेगळी किमो लागली असती. तो साधा प्रोस्टेटचाच निघाला, म्हणून डोसिटॅक्सेल सुरू केलं. दर खेपेला पायांची चौकशी आणि आधी रक्ताचा रिपोर्ट. या किमोत पांढऱ्या पेशी सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास सर्वांत खाली जातात. त्या काळात १०१ ताप आला तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा. सहाव्या खेपेनंतर चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळेना, तेव्हा थांबवलं. पुन्हा दोन्ही स्कॅन केले. यकृतातला ठिपका विझला होता, हाडं अजून पीएसएमएवर उजळत होती. आता ल्युटेशियम त्यांचं झालं.

यकृताचा तो ठिपका सुरुवातीलाच नसता तर त्या पायांसाठी मी आधी ल्युटेशियमच सांगितलं असतं. उलट हाडांची मज्जा आजाराने जवळपास भरलेली आणि प्लेटलेट्स लाखाच्या खाली असत्या तर हात आखडता घेतला असता, कारण हाडांत बसलेलं ल्युटेशियम उरलेल्या मज्जेलाही भाजतं. मूत्रमार्ग अडून किडनी फुगलेली असेल तर आधी तो मोकळा करावा लागतो. औषध लघवीवाटेच बाहेर पडतं.

त्रासाचं स्वरूप निराळं आहे. किमोत केस, नखं, थकवा, संसर्ग, नसा. ल्युटेशियमने तोंड कोरडं पडतं, कारण लाळेच्या ग्रंथीही ते ओढून घेतात. कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही, प्रत्येक घासाला वरण किंवा ताक लागतं. मळमळ आणि थकवा असतोच, रक्त हळूहळू उतरतं. दोन डोसनंतरही पीएसए चढतच असेल तर तिसरा देण्याआधी स्कॅन करून विचार करावा. मात्र पहिल्या डोसनंतरच्या एका वाढीने घाबरून सोडू नये.

खर्चात आणि अंतरात डोसिटॅक्सेल फार पुढे आहे. ते जेनेरिक आहे, आणि नागपुरातच मेडिकल कॉलेज, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल किंवा जामठ्याचं कॅन्सर इन्स्टिट्यूट, कुठेही घराजवळ मिळतं. ल्युटेशियमसाठी वेगळा वॉर्ड आणि लघवीची किरणोत्सारिता ओसरेपर्यंत साठवणाऱ्या टाक्या लागतात. आमच्या बागायतदारांनी मुंबई निवडली. परतीचं तिकीट डिस्चार्जच्या दिवसाचं काढू नका, असं मी त्यांच्या मुलाला बजावलं. ल्युटेशियमची ताकद निम्मी व्हायला साडेसहा दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि रात्रभराच्या गाडीत शेजारच्या बर्थवर गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असू शकतं. दोन-तीन दिवस तिथेच नातेवाइकांकडे वेगळ्या खोलीत राहायचं. लघवी बसून करायची आणि फ्लश दोनदा ओढायचा. घरी आल्यावर नातवाला मांडीवर किती दिवस घ्यायचं नाही, हे हॉस्पिटलकडून लिहून घ्यायचं. तो कागद विमानाने जाणाऱ्यांनीही जवळ ठेवावा, कारण किरण टिपणारी यंत्रं डोसनंतर काही आठवडेसुद्धा वाजू शकतात.